वाटणीपत्राचा इंग्रजी गोषवारा

प्रश्न : परदेशस्थ भावंडांसाठी वाटणीपत्राचा गोषवारा इंग्रजीत करावयाचा आहे. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : सर्वाधिक घोटाळा क्षेत्राच्या आकड्यात होतो. समजा, आपल्या भगिनींच्या वाट्यास ‘०.८१.०० हे. आर’ आले आहे. येथे मधला आकडा आरांचा असून, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, अतएव ८१ आर म्हणजे ८,१०० चौरस मीटर किंवा सुमारे दोन एकर होतात, पण ‘आर’ला एकर समजणारा त्या जमिनीस बेधडक ८१ एकर करून ठेवतो. म्हणून मूळ आकडा जसाच्या तसा देऊन त्यापुढे चौरस मीटर लिहावेत, आणि पोटखराबा लागवडीयोग्य क्षेत्रात न मिसळता ‘अनकल्टिव्हेबल पोर्शन’ म्हणून निराळा दाखवावा.

विहिरीत ‘चार आणे हिस्सा’ असल्यास तो सोळा आण्यांपैकी, म्हणजे एक चतुर्थांश, अविभक्त हिस्सा होय. त्यास पैशाची रक्कम समजू नये, व पाण्याची पाळी ठरलेली असल्यास तीही नोंदवावी.

क्रियापदाविषयी माझा आग्रह विशेष आहे. वडिलोपार्जित मिळकतीच्या वाटणीने नवा हक्क निर्माण होत नाही, सामाईक असलेला हक्क पृथक होतो. यास्तव ‘ट्रान्सफर्ड’ किंवा ‘गिफ्टेड’ न लिहिता ‘अलॉटेड टु हर शेअर ऑन पार्टिशन’ असे लिहावे. एखाद्याने हक्कसोडपत्र करून दिले असेल, तर तो दस्त ‘रिलीज डीड’ या नावाने, नोंदणी क्रमांक व तारखेसह, स्वतंत्र परिच्छेदात द्यावा.