हॅम्लेटवरचा निबंध : एलियटचे काय, रॉबर्टसनचे काय आणि आपले काय

इंग्रजी समीक्षा वाचून मराठीत निबंध लिहिणाऱ्याला एक सोय आयती मिळते आणि तीच त्याला गोत्यात आणते. भाषा बदलली की शब्द आपोआप बदलतात. एलियटचा परिच्छेद मराठीत उतरवला की त्यात एलियटचा एकही शब्द उरत नाही, आणि लिहिणाऱ्याला मनापासून वाटते की आपण हे 'स्वतःच्या शब्दांत' मांडले. पण मुद्दा त्याचा, मुद्द्यांचा क्रम त्याचा, उदाहरणेही त्याचीच. नाव न देता केलेले भाषांतर हे वाङ्मयचौर्यच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे संशोधन करणाऱ्या बहुतेकांना पाठ असते. मात्र तो आकडा सॉफ्टवेअरला सापडलेल्या साम्याचा असतो. इंग्रजीतून मराठीत आलेला परिच्छेद त्याच्या नजरेतून सहज सुटतो. म्हणून ही तपासणी लिहिणाऱ्यानेच करायची असते.

ती कशी करायची, हे एकाच उदाहरणावर पाहू. निबंधाचा विषय धरू 'हॅम्लेट नाटकातील गर्ट्रूड'. समोर टी. एस. एलियटचा 'हॅम्लेट अँड हिज प्रॉब्लेम्स' हा लेख आहे. एम.ए.च्या वर्गात हा लेख जितका वापरला जातो, तितकाच चुकीच्या पद्धतीने वापरला जातो.

सुरुवात टिपणापासून करा, कारण बहुतेक चोऱ्या निबंधात होत नाहीत, टिपणवहीत होतात. पंधरा दिवसांनी वही उघडली की कोणते वाक्य एलियटचे, कोणते त्याचे सार आणि कोणते आपल्याला सुचलेले, हे सांगता येत नाही. त्यावर उपाय साधा आहे. प्रत्येक टिपणाच्या डाव्या समासात एक खूण करायची : जसेच्या तसे उतरवले असेल तर 'उ' आणि अवतरणचिन्हे, सार असेल तर 'सा', आपला विचार असेल तर 'मी'. पहिल्या दोन खुणांपुढे पानाचा आकडा लिहिल्याशिवाय पुढे जायचे नाही. वहीच्या माथ्यावर, आपल्या हातात लेखाची कोणती प्रत आहे ते लिहा. हा लेख १९१९ साली 'अथेनियम'मध्ये आला, १९२०मध्ये 'द सेक्रेड वुड' या संग्रहात गेला आणि १९३२च्या 'सिलेक्टेड एसेज'मध्ये नुसता 'हॅम्लेट' या नावाने छापला गेला. पाने प्रत्येक ठिकाणी वेगळी आहेत. मित्राच्या वहीतला पानाचा आकडा उचलला, तर तो तुमच्या ग्रंथसूचीतल्या आवृत्तीशी जुळेलच असे नाही.

आता लेख दोनदा वाचा आणि पुस्तक मिटा. ही पायरी गाळू नका. समोर मूळ परिच्छेद उघडा ठेवून जे लिहिले जाते ते भाषांतरच होते, कितीही शब्द बदलले तरी. पुस्तक मिटल्यावर, हा लेख न वाचलेल्या एखाद्याला सांगतो आहोत असे समजून चार-पाच वाक्यांत लिहा : एलियटला म्हणायचे आहे तरी काय? लिहायला सुरुवात एलियटने केली तिथून करू नका, आपल्या विषयापासून करा. एलियट आधी गटे आणि कोलरिज यांच्यासारख्या टीकाकारांना फटकारतो, मग जुन्या नाटकाकडे वळतो आणि बऱ्याच उशिरा आईच्या मुद्द्यावर येतो. तुमचा विषय गर्ट्रूड आहे, तर तुमचे पहिले वाक्य गर्ट्रूडवर असायला हवे. प्रवेशाची जागा बदलली की वाक्यांचा सांगाडा आपोआप बदलतो, आणि कोणता मुद्दा आपल्या कामाचा नाही तेही कळते.

असे लिहिलेले पहिले टिपण साधारण असे येईल :

'हॅम्लेटला आईविषयी जी किळस वाटते ती पेलण्याइतके गर्ट्रूडचे पात्र मोठे नाही. त्यामुळे ती भावना नाटकातल्या कोणत्याच घटनेवर नीट टेकत नाही आणि कलाकृती म्हणून नाटक फसते.'

भाषा स्वतःची आहे, सारही बरोबर आहे. तरी हे वाक्य असेच निबंधात गेले तर ती चोरी आहे, कारण वाचकाला हा निष्कर्ष तुमचा वाटेल. आणि नुसते 'असे एलियटने म्हटले आहे' हे शेपूट जोडूनही काम पुरते भागत नाही. मराठी वाक्याची ठेवणच अशी की सांगणाऱ्याचे नाव शेवटी येऊ शकते. पाच वाक्यांच्या परिच्छेदाच्या टोकाला 'असे एलियट म्हणतो' आले, तर ते 'असे' नेमके कुठपासूनचे? शेवटच्या वाक्यापुरते की पाचही वाक्यांचे? परीक्षकाला ते ठरवता येत नाही. म्हणून नाव पहिल्याच वाक्यात आणा, मधल्या वाक्यांत 'त्याच्या मते', 'पुढे तो असेही सुचवतो' असा धागा ठेवा, आणि त्याचे संपून तुमचे सुरू होते तिथे स्पष्ट सांधा ठेवा : 'मला मात्र वाटते', 'इथे एक प्रश्न उरतो'. 'समीक्षकांच्या मते' किंवा 'असे मानले जाते' हे शब्द तर पूर्ण टाळा. कोणते समीक्षक आणि कोण मानतो, हे त्यातून कधीच कळत नाही.

यानंतर पुस्तक पुन्हा उघडा आणि आपले टिपण दोनदा तपासा. एकदा शब्दांसाठी. 'ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह' ही संज्ञा एलियटमुळे रूढ झाली. मराठीत तिला वस्तुनिष्ठ सहसंबंधक म्हणा किंवा आणखी काही, ती वापरली की नाव द्यायलाच हवे. तिची व्याख्या करताना एलियट तीन गोष्टी ओळीने मांडतो. त्याच तीन गोष्टी त्याच क्रमाने तुमच्या मराठी वाक्यात आल्या असतील, तर ते सार नव्हे, भाषांतर आहे. एक तर भाषांतर म्हणून अवतरणचिन्हांत, पानासह द्या, नाहीतर वाक्य मोडून पुन्हा लिहा.

दुसरी तपासणी अर्थासाठी, आणि ती अधिक कठीण. विचार चोरणे जितके वाईट, तितकेच न मांडलेले विचार दुसऱ्याच्या तोंडी घालणे वाईट. 'एलियटच्या मते गर्ट्रूड निर्दोष आहे' असे वाक्य निबंधात सहज शिरते, पण एलियटने तसे म्हटलेले नाही. आईचा अपराध मुलाच्या मनावर काय करतो हाच नाटकाचा गाभा तो धरतो. त्याची तक्रार इतकीच की ते पात्र त्या भावनेच्या तोलाचे नाही. 'एलियटला हे नाटक आवडत नाही' हेही तितकेच चूक आहे, कारण कलाकृती म्हणून अपयश ठरवणे आणि नावड या वेगळ्या गोष्टी आहेत. क्रियापद निवडताना हा फरक जपा. तो जिथे ठामपणे मांडतो तिथे 'प्रतिपादन करतो', जिथे अंदाज करतो तिथे 'सुचवतो', आणि जे सिद्ध न करता पुढे जातो तिथे 'गृहीत धरतो'.

याच फेरीत आणखी एक गोष्ट उघडकीस येते. समजा 'मी' खुणेखाली तुम्ही लिहिले आहे : गर्ट्रूड अशी किरकोळ आहे म्हणूनच हॅम्लेटच्या मनात इतकी उलथापालथ होते. तिचा अपराध अधिक ठळक असता तर त्याच्या मनात वेगळीच भावना उठली असती. एलियटला छेद देणारा, अगदी स्वतःचा वाटणारा मुद्दा. आता लेखाचा उत्तरार्ध पुन्हा वाचा. हा विचार एलियटने स्वतःच तिथे मांडला आहे. पहिल्या वाचनात तो नजरेखालून गेला, मनात मुरला आणि आठवड्याने आपला म्हणून वर आला. यात कोणाचा खोटेपणा नसतो, पण निबंधात तो तसाच राहिला तर ती चोरीच ठरते. म्हणून 'मी' खुणेची टिपणेही मूळ लेखाशी ताडून पाहायची. जो मुद्दा तिथे सापडेल त्याची खूण खोडून 'सा' करायची आणि उरलेल्या जागेत खरोखर आपले काय आहे ते शोधायचे.

ते शोधायला नाटकाकडे जावे लागते. तिसऱ्या अंकात आईच्या दालनात हॅम्लेटला भूत दिसते आणि गर्ट्रूडला दिसत नाही. हा तपशील नाटकातला आहे, कोणा समीक्षकाचा नाही. नाटक वाचणाऱ्या कोणालाही तो दिसेल, म्हणून त्याला समीक्षकाचा संदर्भ लागत नाही, अंक आणि प्रवेश दिला की पुरे. भावनेचे कारण रंगमंचावर आहे, पण ते एकालाच दिसते, हे त्यातून काढलेले अनुमान मात्र तुमचे. ओळी मराठीत द्यायच्या असतील तर आगरकरांच्या 'विकारविलसित'मधून (१८८३) घेतल्या की नाना जोगांच्या भाषांतरातून, ते सांगा. शेक्सपिअरचे नाव दिल्याने भाषांतरकाराचे ऋण फिटत नाही.

आता मूळ धनी कोण, हा प्रश्न. एलियटचा लेख मुळात जे. एम. रॉबर्टसनच्या 'द प्रॉब्लेम ऑफ हॅम्लेट' या पुस्तकाच्या निमित्ताने लिहिलेला आहे. शेक्सपिअरच्या हाती जुन्या सूडनाटकाचे अवघड साहित्य आले आणि ते त्याला पुरते वळवता आले नाही, ही मांडणी रॉबर्टसनची. एलियट तसे उघड सांगतो. तरीही निबंधांत ती सरसकट एलियटच्या नावावर जमा होते. रॉबर्टसन वाचला नसेल तर ग्रंथसूचीत त्याचे नाव घालू नका. 'रॉबर्टसनचे हे मत एलियटच्या लेखातून घेतले आहे' असे लिहा. तीच गत इडिपस गंडाच्या वाचनाची. त्याचे बीज फ्रॉइडने १९००च्या 'स्वप्नांचा अन्वयार्थ' या ग्रंथात टाकले, त्याचा विस्तार अर्नेस्ट जोन्सने १९१०च्या लेखात आणि पुढे १९४९च्या पुस्तकात केला. ज्याचे पान समोर उघडे आहे त्याचा संदर्भ द्यायचा आणि कल्पना त्याच्याही आधीची असेल तर तेही एका वाक्यात सांगायचे.

सगळे जुळवल्यावर परिच्छेद असा होतो :

'गर्ट्रूडच्या पात्राला नाटकाच्या अपयशाशी जोडणारी मांडणी एलियटने १९१९मध्ये केली. हॅम्लेटची किळस पेलण्याइतके हे पात्र मोठे नाही, असे तो प्रतिपादन करतो, आणि त्याच्या मते पात्राच्या याच लहानपणामुळे ती किळस निर्माणही होते (एलियट, पृ. —). जुन्या सूडनाटकाचे साहित्य शेक्सपिअरला आडवे आले, हे कारण मात्र तो रॉबर्टसनकडून घेतो. मला वाटते, भावना आणि तिचे कारण यांतली ही तफावत नाटकाच्या हातून निसटलेली नाही. तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात भूत हॅम्लेटला दिसते आणि गर्ट्रूडला दिसत नाही, तेव्हा ती तफावतच रंगमंचावर उभी केलेली असते.'

या परिच्छेदात एलियट कुठे सुरू होतो, रॉबर्टसन कुठे येतो आणि तुम्ही कुठून बोलू लागता, हे बोट ठेवून दाखवता येते. निबंध सुपूर्द करण्याआधी प्रत्येक परिच्छेदावर असे बोट फिरवा. ज्या वाक्यावर ते अडेल, त्या वाक्यासाठी टिपणवही उघडा. खूण सापडली नाही तर मूळ पान काढा, आणि तेही सापडले नाही तर ते वाक्य निबंधातून काढून टाका.