ज्येष्ठांसमोर फ्लूच्या लसीवर दहा मिनिटं कसं बोलावं

हे टिपण पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागातल्या विरंगुळा केंद्रांत किंवा ज्येष्ठ नागरिक संघांत फ्लूच्या लसीवर बोलणाऱ्यांसाठी आहे. भाषण संपताना प्रत्येक श्रोत्याला स्वतःची लस घेण्याची तारीख ठाऊक असावी, एवढाच त्याचा हेतू.

आधी जुळवा : लस देणारं ठिकाण, तिथली वेळ आणि किंमत, नावं लिहायची वही, आणि प्रश्नांसाठी एक डॉक्टर. मधुमेही वगैरे जोखमीच्या गटांना सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते का आणि आज साठा आहे का, हे तिथे विचारून घ्या. ऐकीव माहितीवर कुणाला रांगेत पाठवू नका.

१. तारीख उलटी मोजा. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, थंडीच्या अखेरीस पुन्हा डोकं वर काढतो. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्या श्रोत्यांत वारकरी असणारच. २०२५ मध्ये तुकोबांची पालखी १८ जूनला देहूतून निघाली, म्हणजे वारीला जाणाऱ्याने ४ जूनपर्यंत लस घ्यायला हवी होती. त्याआधी चौकशी आणि पैशांची सोय करायला दोन-तीन आठवडे धरले, तर भाषण मेच्या मध्यावर येतं. जूनअखेरीस केलेलं भाषण वाया जात नाही, पण वारकरी हुकतात.

२. सुरुवात २००९ पासून करा. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. बंद शाळा, तोंडाला बांधलेले रुमाल, तपासणीच्या रांगा समोरच्यांना आठवतात. भीती वाढवू नका, एवढंच सांगा : “तो विषाणू गेलेला नाही. दरवर्षीच्या साध्या फ्लूत तो आता मिसळलाय, आणि आजच्या लसीत त्याच्यावरचा घटक असतो.”

३. ‘दरवर्षी का?’ याला सगळ्यात जास्त वेळ द्या. “गेल्या वर्षी घेतली होती की!” हे वाक्य हमखास येतं. समोर प्रेस शॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवलेली माणसं असतील, तर त्यांच्याच भाषेत सांगा : “मॉडेल बदललं की जुनी डाय चालते का? विषाणूही आपलं बाहेरचं रूप बदलतो.” जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतले विषाणू ठरवते : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. पावसाळ्याआधी आपल्याला सहसा दक्षिण गोलार्धाची नवी लस उपयोगी पडते. खोक्यावरचं वर्ष आणि मुदत वाचून घ्यायला सांगा. शिवाय मिळालेलं संरक्षण काही महिन्यांत ओसरतं, उतारवयात जरा लवकरच.

४. मर्यादा स्वतःहून सांगा. ही लस प्रत्येक सर्दी थांबवत नाही. घेतल्यावरही फ्लू होऊ शकतो, आणि वृद्धांत तिचा परिणाम तरुणांपेक्षा कमी असतो. मात्र न्यूमोनिया होण्याची, रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता ती कमी करते. हे झाकलंत, तर पहिल्याच सर्दीला श्रोता म्हणेल, “काही उपयोग नाही,” आणि पुढच्या वर्षी येणार नाही.

५. तीन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा.

*“लसीनेच ताप येतो ना?”* ज्येष्ठांना दिली जाणारी इंजेक्शनची लस जिवंत विषाणूची नसते, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. दंड दुखणं, अंग मोडून येणं, बारीक ताप एक-दोन दिवसांत जातो.

*“जीबीएस होईल का?”* २०२५ च्या जानेवारीत पुणे परिसरात गुइलेन-बॅरेचे रुग्ण वाढले, म्हणून हा प्रश्न येणारच. त्या साथीचा संबंध दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पसरणाऱ्या जिवाणूशी आढळला होता, लसीशी नव्हे. लसीनंतर असं होणं अतिशय दुर्मीळ आहे. पण ज्याला पूर्वी हा आजार झालाय, त्याने डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

*“रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत.”* बहुतेकांना लस घेता येते, फक्त टोचण्याआधी तसं सांगावं आणि नंतर जागा न चोळता दोन मिनिटं दाबून धरावी.

आधीच्या फ्लूच्या लसीने जीवघेणी ॲलर्जी झाली असेल, तर पुन्हा घेऊ नये. आज ताप असेल, तर उतरल्यावर घ्यावी. टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसावं.

६. टाळ्यांवर थांबू नका, वही फिरवा. नाव, फोन, ठरलेला दिवस आणि सोबत कोण येणार, एवढं लिहून घ्या. “कुठे, किती वाजता, किती पैसे?” असे प्रश्न आले, तर भाषण पोचलं. नुसतं “छान बोललात” आलं, तर शेवटची दोन मिनिटं पुन्हा ठिकाण आणि वेळ सांगण्यात घाला.

शेवटचं वाक्य असं असू द्या : “मंडळी, पाऊस सुरू व्हायच्या आत लस घ्या, आणि जोडीदारालाही घेऊन या.”