सर्दी-पडसे आणि विमानाचा प्रवास

नाक चोंदलेले असताना विमानाने जावे की न जावे, हा प्रश्न आता घरोघरी पडू लागला आहे. तिकीट काढलेले असते, कार्य ठरलेले असते, आणि साधे पडसे ते काय, असे म्हणून माणूस निघतो. त्याचा ताप पुढे कानाला कसा होतो, हे घरातल्याच एका उदाहरणावरून सांगतो.

माझे मेहुणे हैदराबादेहून मुंबईस लग्नाला निघाले. तीन दिवसांचे पडसे होते, ताप नव्हता. विमान वर चढले तेव्हा काही त्रास झाला नाही, म्हणून ते निश्चिंतपणे झोपी गेले. जाग आली ती उजव्या कानातील तीव्र कळेने. विमान उतरत होते. खाली आल्यावर कान दडे बसल्यासारखा झाला, आणि लग्नातली निम्मी बोलणी त्यांना ऐकूच आली नाहीत.

चढताना काही नाही आणि उतरताना एवढी कळ, असे का व्हावे? विमान कितीही उंच गेले तरी आतील हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फूट आहे, त्यावरून कल्पना यावी. आठ हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या तीन चतुर्थांश भरतो. आपल्या कानाच्या पडद्याआड एक लहान पोकळी असून ती एका बारीक नळीने घशाच्या वरच्या भागाशी जोडलेली आहे. या नळीस कंठकर्णनलिका म्हणतात. एरवी ती मिटलेली असते. गिळताना वा जांभई देताना क्षणभर उघडते.

विमान चढताना पोकळीतील हवा प्रसरण पावते आणि नळीचे मऊ तोंड ढकलून आपोआप बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो आणि हवा आत जावी लागते. नळीचे मऊ तोंड त्या दाबाने अधिकच मिटते. पडशाने तेथील अस्तर सुजलेले असले तर ती उघडतच नाही, आणि पडदा आत खेचला जातो. झोपलेला माणूस फारसे गिळत नाही. मेहुण्यांची तीच चूक झाली. कपाळ व गालांच्या हाडांतील पोकळ्यांचेही, ज्यांना आपण सायनस म्हणतो, असेच होते. तेथे कळ भुवईच्या वर किंवा वरच्या दातांत उठते, आणि गिळून ती सुटत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी घरीच परीक्षा करावी. नाकपुड्या चिमटीत धरून, तोंड मिटून आवंढा गिळावा. दोन्ही कानांत 'टक्' असे झाले तर वाट मोकळी आहे. एकाही कानात काही न झाल्यास, किंवा चेहरा ठणकत असल्यास, प्रवास पुढे ढकलावा हे उत्तम. नाक दाबून जोराने हवा फुंकण्याची सवय पडशात बरी नव्हे. शेंबूड कानात ढकलला जाण्याची भीती असते.

वाट थोडी अरुंद असेल आणि जाणे भागच असेल, तर नाक मोकळे करणारा फवारा विमान उतरू लागण्यापूर्वी सुमारे अर्धा तास घेता येतो. रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण किंवा लहान मूल असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून तो घेऊ नये, आणि सलग अनेक दिवस तर घेऊच नये. उतरण्याच्या वेळी जागे राहावे, गोळी चघळावी, वारंवार गिळावे. तान्ह्या मुलास त्या वेळी दूध पाजावे.

तापाचा विचार निराळा आहे. तेथे प्रश्न आपल्या कानाचा नसून शेजाऱ्याचा असतो. विमानातील हवा गाळली जाते खरी, परंतु शेजारच्या दोन रांगांतील माणसे आपल्या खोकल्याच्या टप्प्यात असतात, आणि त्यांत एखादी गरोदर बाई वा म्हातारा असू शकतो. गोळी घेऊन ताप उतरविला तरी संसर्ग उतरत नाही. तेव्हा औषधावाचून पूर्ण चोवीस तास ताप नसेल, तेव्हाच निघावे. गोवर किंवा कांजिण्यांचा संशय असल्यास डॉक्टरांच्या परवानगीवाचून मुळीच नाही. साधे पडसे घेऊन जावेच लागले तर मुखपट्टी बांधावी, रुमालात शिंकावे, हात धुवावेत.

मेहुण्यांचा कान दोन दिवसांतही सुटला नाही, तेव्हा त्यांनी डॉक्टरांस दाखविले. पडद्याआड पाणी साचले होते. डॉक्टर म्हणाले, "कान मोकळा होईपर्यंत विमान नको." मेहुणे रेल्वेने परतले. कानातून रक्त वा स्राव आला, किंवा भोवळ आली, तर दोन दिवसही थांबू नये.

आता दर प्रवासाआधी आमच्या घरी प्रथम आवंढा गिळून पाहतात, आणि मग सामान बांधतात.