चार पोत्यांचा माध्य : नियंत्रण तक्ता प्रक्रियेतील बदल कसा ओळखतो

होटगी परिसरात सिमेंटचा कारखाना आहे. कोणत्याही सिमेंट कारखान्यात पोती भरणाऱ्या यंत्रापुढे एक प्रश्न कायम असतो : पोत्यावर ५० किलो छापले आहे, तेवढे सिमेंट आत भरले जाते काय? कमी भरले तर घर बांधणाऱ्याचे नुकसान होते आणि जास्त भरले तर कारखान्याचे. प्रत्येक पोते अगदी एकाच वजनाचे भरणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. म्हणून खरा प्रश्न असा : वजनातील हा फरक यंत्राचा नेहमीचा आहे, की यंत्रात काही बिघडले आहे?

याचे उत्तर देण्यासाठी अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण तक्ता सुचविला. पुढे प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतात आले होते.

तक्त्याची रीत एका उदाहरणाने पाहू. यातील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. यंत्र सुरळीत असताना दर अर्ध्या तासाने लागोपाठची चार पोती घेऊन, रिकाम्या पोत्याचे वजन वजा करून, सिमेंटचे वजन नोंदवावे. असे २५ नमुने घ्यावेत. पोती लागोपाठची घेण्याचे कारण असे, की त्या अल्प वेळात यंत्राची स्थिती बदलत नाही. चौघांतील फरक निव्वळ आकस्मिक असतो. प्रत्येक नमुन्याचा माध्य आणि विस्तार, म्हणजे सर्वांत जड व सर्वांत हलक्या पोत्यातील फरक, काढावा. समजा, सर्व माध्यांची सरासरी ५०.२ किलो आली आणि विस्तारांची सरासरी ०.४१२ किलो आली. चारच्या नमुन्यासाठी विस्ताराच्या सरासरीला २.०५९ ने भागले की एका पोत्याचे प्रमाण विचलन मिळते : ०.२ किलो.

आता मुख्य पायरी. आपण तक्त्यावर एकेक पोते नव्हे, तर चार पोत्यांचा माध्य मांडणार आहोत. एक जड व एक हलके पोते माध्यात एकमेकांना सावरून घेतात, म्हणून माध्य कमी हलतो. त्याच्या हालचालीचे माप म्हणजे प्रमाण त्रुटी. ती प्रमाण विचलनाला नमुन्यातील संख्येच्या वर्गमुळाने भागून मिळते. येथे ०.२ ÷ २ = ०.१ किलो. मध्यरेषा ५०.२ वर काढावी आणि तिच्यापासून तीन प्रमाण त्रुटी अंतरावर दोन मर्यादा : वरची ५०.५, खालची ४९.९.

एके दिवशी चार पोत्यांची वजने ४९.९५, ४९.७०, ५०.०० आणि ४९.८३ आली असे समजू. एकेक पोत्याच्या दृष्टीने येथे नवल नाही. तीन प्रमाण विचलनांची पट्टी ४९.६ ते ५०.८ आहे आणि चारही पोती तिच्यात बसतात. परंतु माध्य ४९.८७ येतो, म्हणजे खालच्या मर्यादेबाहेर. एक पोते हलके निघणे नेहमीचे आहे. चारही एकाच दिशेने हलकी निघणे क्वचित घडते. आता कारण शोधावयास हवे. वजनकाट्यावर सिमेंटची धूळ साचली असेल, तर काटा धुळीचेही वजन मोजतो आणि पोत्यात तेवढे सिमेंट कमी पडते.

तीनच प्रमाण त्रुटी का? वजने प्रसामान्य वितरणाप्रमाणे असतील, तर यंत्र निर्दोष असतानाही माध्य मर्यादेबाहेर जाण्याची संभाव्यता १०,००० मध्ये सुमारे २७ असते. म्हणजे सरासरीने सुमारे ३७० नमुन्यांत एकदा खोटी सूचना मिळते. मर्यादा दोन त्रुटींवर आणल्या तर सुमारे २२ नमुन्यांतच एकदा यंत्र विनाकारण थांबवावे लागेल.

मात्र या सबुरीची किंमत असते. यंत्राचा माध्य ५०.२ वरून ५०.० वर घसरला, तर एका नमुन्यात ते कळण्याची संभाव्यता सुमारे १६ टक्केच असते. सरासरीने सहा नमुने, म्हणजे तीन तास लागतात. माध्य ४९.८ पर्यंत घसरला, तर पहिल्याच नमुन्यात कळण्याची संभाव्यता ८४ टक्के होते. लहान घसरण लवकर हवी असेल, तर नमुना मोठा करावा : नऊ पोती घेतल्यास खालची मर्यादा ५०.० होते आणि तीच पहिली घसरण सरासरीने दोन नमुन्यांत सापडते.

म्हणून बिंदू मर्यादेच्या आत आहे, यावरून बदल झालाच नाही असे सिद्ध होत नाही. तसेच बिंदू आत असताना प्रत्येक चढउताराला यंत्राचा स्क्रू फिरवू नये. त्याने आकस्मिक फरकात आपलाच फरक मिसळतो आणि वजने अधिकच विखुरतात.