विचारणा माझी होती

मिरज-सांगलीकडच्या आमच्या घरांत लग्नाची विचारणा बहुतेक वेळा मुलीकडूनच जाते. वडील बायोडेटाच्या प्रती काढतात, मामा एखाद्या ओळखीच्या घरी जाऊन बसतात, आत्या मंडळाच्या वधूवर सूचीत खुणा करते. यात कुणाला काही गैर वाटत नाही. पण हीच विचारणा मुलीने स्वतः, स्वतःच्या फोनवरून, थेट मुलाला केली की घर हादरतं. मी ती केली. काही ठिकाणी नकार आला, काही ठिकाणी अपमान झाला आणि एका ठिकाणी लग्न ठरलं. आता धाकट्या बहिणी आणि मैत्रिणी विचारायला येतात, तेव्हा त्यांना जे सांगते ते इथे लिहिते आहे.

१. आक्षेप नेमका कशावर आहे, ते आधी ओळखा.

‘मुलींनी पुढाकार घेऊ नये’ असं लोक म्हणतात, पण पुढाकार तर मुलीचा बाप घेतच असतो. बघण्याचा कार्यक्रम संपला की ‘आम्ही कळवतो’ म्हणण्याचा हक्क मात्र मुलाकडे राहतो. मुलीकडच्यांनी विचारायचं, मुलाकडच्यांनी ठरवायचं, अशी ही वाटणी आहे. मुलगी स्वतः बोलली की ही वाटणी मोडते, कारण जी विचारते ती पारखतेही, आणि पारखून नकोही म्हणू शकते. लोकांना सलतं ते हे. एवढं लक्षात आलं की ‘मुलगी फार पुढची दिसते’ हे वाक्य आपल्या चारित्र्याबद्दलचं वाटेनासं होतं.

माझी आजी लग्न लांबलेल्या मुलींना एकनाथांचं रुक्मिणीस्वयंवर वाचायला लावायची. मलाही लावलं. त्या कथेत विदर्भाची राजकन्या भावाने ठरवलेला शिशुपाल नाकारते आणि न पाहिलेल्या कृष्णाला स्वतः पत्र लिहिते. ते पत्र ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पाठवते, आणि लग्नाआधी अंबिकेच्या दर्शनाला जाईन तेव्हा मला घेऊन जा, असं ठिकाणासकट कळवते. मी पहिला मेसेज पाठवला त्याच्या आदल्या दिवशी आजीला सांगितलं. ती म्हणाली, “पोथी मीच दिली होती ना तुला? मग कर.” घरातलं एक वडीलधारं माणूस असं आधीच आपल्या बाजूला असेल, तर पुढचं पुष्कळ सोपं होतं. आजी नसेल तर काका, मोठी वहिनी, कुणीही चालेल. फक्त त्यांना आधी सांगा. बाहेरून कळलं तर तेच माणूस दुखावतं.

२. पहिला मेसेज छोटा, खुला आणि उत्तर देता येईल असा असावा.

माझ्या नवऱ्याला पाठवलेला मेसेज अजून माझ्याकडे आहे. तो असा:

“नमस्कार. तुमचा बायोडेटा मंडळाच्या सूचीत पाहिला. पुढे कऱ्हाडला परत जायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलं आहे. माझी नोकरी पुण्यात आहे, त्यामुळे त्याबद्दल बोलावंसं वाटलं. शनिवारी संध्याकाळी वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? स्थळ जुळण्यासारखं वाटत नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल. मी लिहिते आहे हे माझ्या घरी माहीत आहे.”

यात ‘तुमचा फोटो आवडला’ असं काही नाही. त्याने स्वतः लिहिलेल्या एका गोष्टीला धरून प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर लग्नाच्या निर्णयाला खरंच लागणारं आहे. वेळ ठरलेली आहे. नाही म्हणायची वाट मोकळी आहे. सगळ्यात जास्त काम शेवटच्या वाक्याने केलं. ‘घरी माहीत आहे’ म्हटलं की हे चोरून चाललेलं नाही हे समोरच्याला कळतं. सभ्य माणसाचा संकोच त्याने जातो आणि असभ्य माणसाच्या हातचं धमकीचं साधन निघून जातं. अर्थात ते वाक्य खरं असलं पाहिजे.

विवाहाच्या साइटवर आणखी एक अडचण येते. पुष्कळ मुलांची खाती आई-वडील किंवा बहीण चालवतात, त्यामुळे उत्तर भलत्याच माणसाकडून येतं. मला एकदा फोन आला, “मी त्याची आई बोलतेय. तुमच्या घरी मोठं कुणी नाही का?” मी म्हटलं, “आहेत ना काकू. आईचा नंबर देते, तुम्ही दोघी सावकाश बोला. मला त्यांच्याशी कामाच्या ठिकाणाबद्दल दोन गोष्टी बोलायच्या होत्या, त्यांना जमेल का विचाराल?” काकूंचा आवाज निवळला. तिथे स्थळ काही जुळलं नाही, पण आईला त्यांनी दुसरं एक सुचवलं. अशा फोनवर वाद घालून उपयोग नसतो. घरच्यांशी घरचे बोलतील आणि मुलाशी मी बोलेन, एवढं सौम्यपणे सांगितलं की बहुतेक आया ऐकतात.

३. नकार ओळखायला शिका.

मुलांना नाही म्हणायची सवय नसते. आजवर ते काम आई करत आली. त्यामुळे नकार फार क्वचित सरळ येतो. ‘पत्रिका जुळत नाही’ हा आपल्याकडचा सभ्य नकार आहे. छत्तीसपैकी किती गुण जुळले, एकनाड आहे की मंगळ, हे विचारत बसू नये. उत्तरच आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करावी आणि नंतर ते पान मिटावं. आपल्याला नको असेल तर मात्र आपण सरळ लिहावं, ‘बोलून बरं वाटलं, पण पुढे जावंसं वाटत नाही.’ विचारणा आपली होती म्हणून नाही म्हणायचा हक्क गेला असं बऱ्याच मुलींना वाटतं, आणि त्या मनाविरुद्ध दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंत ओढल्या जातात.

४. पुढाकाराला परवाना समजणारा माणूस लवकर कळतो.

खूण ठरलेली आहे. दोन दिवसांत न विचारता ‘तुम्ही’चं ‘तू’ होतं, मेसेज रात्री अकरानंतर यायला लागतात, फोटो मागितले जातात. आपण आढेवेढे घेतले की ‘एवढी मॉडर्न आहेस, मग लाजतेस कशाला’ हे वाक्य येतं. तिथे समजावू नये. एकच मेसेज करावा: ‘मला हा संपर्क पुढे न्यायचा नाही. कृपया पुन्हा मेसेज किंवा फोन करू नका.’ त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा, मग ब्लॉक करावं.

न बोलता ब्लॉक करण्याऐवजी आधी लेखी नकार द्यायला सांगते, त्याला कारण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष तिच्याशी जवळीक साधायला पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिला तर तो पाठलागाचा गुन्हा होतो. पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पहिला मेसेज कुणी केला याने तिथे फरक पडत नाही, तिने नको म्हटल्यावर काय झालं ते पाहिलं जातं. म्हणून ते नको स्पष्ट आणि तारखेसह हातात असावं. माझ्या मैत्रिणीला एकजण नवनवीन नंबरांवरून फोन करत राहिला. तिच्याकडे असा मेसेज होता, आणि पोलीस ठाण्यात तिला ‘तुम्हीच आधी बोलला होता ना’ या प्रश्नावर फार वेळ अडकावं लागलं नाही.

दुसरा प्रकार निरुपद्रवी असतो, पण वेळ खातो. मुलीने विचारलं याने माणूस सुखावतो, भेटतो, गोड बोलतो आणि स्वतःहून काहीच करत नाही. पहिल्या भेटीनंतर पुढची भेट ठरवायचं मी समोरच्यावर सोडायचे. ज्याला यायचं असेल तो आठवड्याभरात विचारतो. सुरुवात आपण केली म्हणून सगळी पावलं आपणच टाकायची नसतात.

५. सगळ्यात कठीण प्रतिक्रिया बैठकीत येते.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. मेसेज, फोन, भेटी, घरच्यांची पसंती, सगळं नीट झालं होतं. याद्या करायला दोन्हीकडची मंडळी आमच्या घरी जमली. तारीख ठरली, पाहुण्यांचा आकडा ठरला. हॉलचा विषय निघाला तसे त्यांच्याकडचे एक वडीलधारे म्हणाले, “विचारणा तुमच्या मुलीकडूनच आलीय. तेव्हा हॉल आणि जेवण तुमच्याकडे, मानपानाचं काय ते आपण बघू.” माझ्या वडिलांची मान खाली गेली. माझा मेसेज त्यांच्यासमोर हत्यार म्हणून ठेवला गेला होता. मुलीलाच हवंय म्हटल्यावर मुलीचा बाप नाही कसं म्हणेल, असा तो हिशेब.

त्या वेळी मी बोलले नाही, कारण ते आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं. विचारणा माझी होती हे त्याने त्याच्या घरी स्वतः सांगायचं, आणि त्यावरून कुणी काही काढलंच तर उत्तरही त्यानेच द्यायचं. माझ्याकडून ते उत्तर उद्धटपणा ठरलं असतं, माझ्या वडिलांकडून लाचारी. तो म्हणाला, “काका, तिने विचारलं आणि मी हो म्हटलं. लग्न दोघांचं आहे. हॉल आणि जेवण निम्मंनिम्मं लिहा. मानपानाची यादी करूच नका, दोन्हीकडून फक्त आई-वडिलांना आहेर.” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्याच्या आईने पेन घेतलं आणि यादीत तसं लिहून दोन्हीकडच्यांच्या सह्या घेतल्या.

म्हणून आता कुणी विचारायला आलं की मी पहिल्या मेसेजच्या शब्दांपेक्षा याबद्दल जास्त बोलते. घरच्यांना भेटवण्याच्या आधी त्याला सरळ विचारा, ‘मी आधी विचारलं हे तुझ्या घरी कोण सांगणार, आणि कधी?’ ‘मीच सांगतो, याच आठवड्यात’ असं उत्तर आलं आणि त्याने तसं केलं, तर बैठकीत तो तोंड उघडेल. ‘ते कशाला सांगायचं, ओळखीतून झालं म्हणू’ असं तो म्हणाला, तर ती गोष्ट त्याच्या घरी नंतर केव्हातरी फुटणारच, आणि पहिल्या भांडणात ‘तूच आली होतीस’ हे ऐकावं लागेल. असं सांगणाऱ्या दोघांना माझ्या ओळखीतल्या मुलींनी तिथेच थांबवलं. त्यातल्या एकाने पंधरा दिवसांनी आईला सगळं सांगितलं आणि परत फोन केला. त्यांच्या याद्या या दिवाळीनंतर आहेत.