जेवायला उशीर झाला, आता पाहुण्यांना काय लिहावे?

प्रश्न : लग्नात पंगत दीड तास उशिरा बसली, माईकही नीट चालला नाही. सर्वांना एकच माफीचा मेसेज पाठवू का? – एक वाचक, परंदवडी

उत्तर : एकच मेसेज नको, कारण त्रास सर्वांना सारखा झालेला नाही. पुण्याहून लोकलने आलेले काही जण परतीच्या गाडीसाठी उपाशीच निघाले असतील. त्यांना आणि वडीलधाऱ्यांना फोनच करा. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी दोन ओळी पुरेत : “काल जेवणाला दीड तास उशीर झाला, तुम्हाला ताटकळावे लागले. नियोजन आमचे चुकले, माफ करा.” ‘काही गैरसोय झाली असल्यास क्षमस्व’ असे लिहू नका, त्यातला ‘असल्यास’ भुकेल्या माणसाला झोंबतो. केटरर खरोखर चुकला असेलही, पण पाहुणे आले ते तुमच्या निमंत्रणावरून. त्याचा हिशेब त्याच्याशी करा.

कबुली दिली की न बोलणारेही बोलू लागतील, अशी शंका तुम्हाला येईल, पण जेवणाबाबत ती फोल आहे. तो उशीर सगळ्यांनी पाहिलाच. माईकबाबत मात्र ती रास्त आहे. मागे बसलेल्यांनाच ऐकू आले नसेल, तर इतरांना कशाला सांगायचे?

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेत तर ‘अहो, चालायचंच’ची रांग लागते आणि खरी तक्रार दबते. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचत नाही. अशांना वेगळा पाठवा.