चार तारखेचा राग

प्रश्न : माझे यजमान ४६ वर्षांचे. विठ्ठलवाडीहून रोज सीएसएमटीला जातात. वर्षभर चिडचिड, नाहीतर एकदम गप्प. रविवारीही लॅपटॉप. चहात साखर कमी पडली म्हणून परवा, चार तारखेला, कप आपटला. पाचला घराचा हप्ता जातो. ‘टेन्शन आहे का?’ विचारलं तर ‘काही नाही’.

उत्तर : ताई, उत्तर तुमच्याच पत्रात आहे. राग कशावर निघतो यापेक्षा कधी निघतो ते बघा. पुढचा हप्ता जाईपर्यंत कॅलेंडरवर खुणा करा. हप्ता, साहेबांचा फोन, मुलाचा निकाल यांच्या आदल्या दिवशीच खुणा जमत असतील, तर तो बहुधा साखरेचा राग नव्हे, काळजी आहे. चिडचिड हे चिंताविकाराचं एक नेहमीचं लक्षण आहे. रविवारचं कामही तपासा : काम खरंच साठलंय, की हात रिकामे राहिले की ते अस्वस्थ होतात?

‘टेन्शन’ विचारू नका. पुरुष तिथेच दार लावून घेतात. शरीराचं विचारा : पहाटे तीनला जाग येते का, मान-जबडा आखडतो का, छातीत धडधडतं का? याची उत्तरं ते देतील. धडधड असेल तर आधी डॉक्टरांकडून ईसीजी आणि थायरॉइड तपासून घ्या. सगळं ठीक निघालं आणि त्रास तसाच राहिला, तर मानसोपचारतज्ज्ञ. फोनवर बोलायचं असेल तर सरकारी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. मात्र उद्या कपाऐवजी हात तुमच्यावर उठला, तर कॅलेंडर बाजूला ठेवा. आधी स्वतःची सुरक्षितता बघा.